स्वप्नात वरची दाढ पडली की!

सोलापूरची गड्ड्याची यात्रा दोन दिवसांवर आली होती. पहाटे पावणेसहाला मामींचा फोन आला. अशा वेळी फोन वाजला की आधी मनात नको ते येतं. मामी कुजबुजत होत्या, "अरे, तुझ्या भावाला स्वप्न पडलंय. वरची दाढ पडली की त्याची! हातावर घेऊन बघत होता म्हणे. रक्त नव्हतं, पण दाढ होती."

मी कॉलेजात मानसशास्त्र शिकवतो, त्यामुळे स्वप्नांच्या तक्रारी घरच्यांकडून माझ्याकडेच येतात. पण मामींना अर्थ विचारायचा नव्हता, तो त्यांना पाठ होता. वरचे दात बापाकडचे, खालचे आईकडचे, पुढचा दात पोराबाळांचा आणि दाढ म्हणजे घरातलं वडीलधारं माणूस. मामांची बायपास होऊन चार महिने झाले होते आणि नंदीध्वजांच्या मिरवणुकीला जायचंच, असं ते म्हणत होते. मामींचा प्रश्न एवढाच होता की त्यांना पाठवू का नको.

मामा गेले, मिरवणूक बघून आले, रात्री शेंगाचटणीबरोबर दोन भाकरी खाल्ल्या. पण तेवढ्याने स्वप्न खोटं ठरत नाही आणि प्रश्नही सुटत नाही. कारण मामेभावाला तेच स्वप्न त्या महिन्यात आणखी तीनदा पडलं.

दात म्हणजे नातेवाईक, हे कुणी ठरवलं?

हा अर्थ मामींच्या घरापुरता नाही. त्यांच्या शेजारच्या खालाही वरचे दात घरातले पुरुष आणि खालचे बायका असंच सांगतात. मुसलमानी परंपरेत हा ठोकताळा इब्न सिरीन यांच्या नावावर चालत आलेल्या स्वप्नफळांमध्ये आहे. त्याच्याही आधी, दुसऱ्या शतकात, आर्टेमिडोरस नावाच्या ग्रीक स्वप्नवेत्त्याने लिहून ठेवलं होतं की तोंड हे घर आणि दात ही घरातली माणसं. त्याची वाटणी थोडी वेगळी होती. उजवीकडचे दात पुरुष आणि डावीकडचे बायका. पुढचे दात तरणी माणसं, सुळे मध्यमवयीन आणि दाढा म्हातारी.

इतक्या लांबलांबच्या लोकांना एकच उपमा सुचावी याचं मला आश्चर्य वाटत नाही. एका रांगेत, एकमेकांना खेटून, जन्मभर एकत्र राहणारी आणि एकामागून एक कमी होत जाणारी दुसरी कुठली गोष्ट माणसाच्या अंगावर आहे? आपली भाषाही तेच म्हणते. घरातल्याच माणसाने दुखावलं की आपण 'आपलेच दात, आपलेच ओठ' म्हणून गप्प बसतो.

पण बारकाईने पाहिलं तर इथेच एक फट दिसते. एका परंपरेत बायका खालच्या जबड्यात, दुसरीत डाव्या बाजूला. म्हणजे खालची उजवी दाढ पडली तर खालांच्या हिशेबाने ती बाईची आणि आर्टेमिडोरसच्या हिशेबाने पुरुषाची. शिवाय त्याच्याकडे कर्जदारासाठी निराळा अर्थ होता. दात पडले म्हणजे कर्ज फिटणार! तेव्हा स्वप्न तेच राहतं आणि फळ मात्र पाहणाऱ्याच्या परिस्थितीप्रमाणे बदलतं.

खालांनीच सांगितलेली एक जुनी गोष्ट या बाबतीत चपखल आहे. एका बादशहाला सगळे दात पडल्याचं स्वप्न पडतं. पहिला जाणकार म्हणतो, "खाविंद, तुमच्या डोळ्यांदेखत तुमचे सगळे नातलग जातील." त्याला फटके बसतात. दुसरा म्हणतो, "खाविंद, घरातल्या सगळ्यांपेक्षा तुम्हाला जास्त आयुष्य आहे." त्याला मोहरा मिळतात. दोघांनी सांगितलं एकच.

आपल्याकडच्या ग्रंथांत काय आहे?

चरकसंहितेच्या इंद्रियस्थानात भयंकर स्वप्नांची एक यादी आहे आणि तिच्यात दातांचं पडणं आहे. चंद्र, सूर्य, नक्षत्रं, देवता, दिवा आणि डोळे यांच्या नाशाबरोबर ते येतं. अशी स्वप्नं रोग्याला पडली तर तो वाचत नाही आणि निरोग्याला पडली तर तोही संकटातून क्वचितच सुटतो, असं तिथे म्हटलंय. 'स्वप्नशास्त्र' सांगणारे लोक याच जागेवर बोट ठेवतात आणि पुस्तक मिटतात.

मिटायचं नसतं. थोडं पुढे त्याच अध्यायात स्वप्नांचे सात प्रकार दिले आहेत. पाहिलेल्या गोष्टीचं, ऐकलेल्याचं, अनुभवलेल्याचं, इच्छा केलेल्याचं, कल्पना केलेल्याचं, पुढचं सुचवणारं आणि शरीरातल्या दोषांमुळे पडणारं. यातली पहिली पाच निष्फळ, म्हणजे त्यांना काही फळ नाही, असं ग्रंथच सांगतो. वाईट स्वप्नानंतर पुन्हा झोप लागून चांगलं स्वप्न पडलं तर फळ चांगलंच, अशी सोयही करून ठेवली आहे. आजच्या कसोटीवर ही वर्गवारी टिकणार नाही. पण स्वप्नाचं कारण शरीरात असू शकतं, हा सातवा प्रकार लक्षात ठेवा. आपल्याला पुढे तिथेच यायचं आहे.

आणि मानसशास्त्रज्ञ?

फ्रॉइडचं स्वप्नांवरचं पुस्तक 1899 च्या नोव्हेंबरात बाहेर पडलं, पण त्यावर छापलं 1900. दात पडण्याच्या किंवा उपटण्याच्या स्वप्नाचा संबंध त्याने पुरुषांच्या बाबतीत हस्तमैथुनाशी जोडला. बायकांना असं स्वप्न पडलं तर ते बाळंतपणाचं, हे मत त्याने युंगच्या हवाल्याने नोंदवलं. पुढे आलेल्यांनी कुणी म्हातारपणाची भीती सांगितली, कुणी रूप जाण्याची, कुणी आयुष्यावरचा ताबा सुटण्याची. आजही मोबाइलवर शोधलं तर हेच मिळतं, 'तुम्ही तणावात आहात'.

खरं सांगायचं तर फ्रॉइड आणि मामी यांच्या पद्धतीत मला फारसा फरक दिसत नाही. दोघेही दाताला खूण मानतात आणि खुणेमागचं दुसरंच काहीतरी सांगतात. दोघांच्या उत्तराची परीक्षा घ्यायची सोय नसते. तणावाच्या उत्तराची गंमत तर आणखी वेगळी. सोलापुरात मे महिन्यात पाण्याच्या पाळीची वाट बघणाऱ्या कुणालाही 'तुम्हाला ताण आहे' म्हणा, तो मान डोलावेलच. जे उत्तर सगळ्यांना लागू पडतं, ते या स्वप्नाबद्दल काहीच सांगत नाही.

विचारायला हवा तो प्रश्न वेगळाच. ज्यांना दात पडल्याची स्वप्नं वारंवार पडतात त्यांच्यात असं काय जास्त आढळतं, जे इतर वाईट स्वप्नं पडणाऱ्यांत आढळत नाही?

दातांनाच विचारून पाहिलं तर

हा प्रश्न इस्रायलमधल्या रोझेन आणि सोफर-डुडेक या दोन संशोधिकांनी घेतला. त्यांचा अभ्यास 2018 साली प्रसिद्ध झाला. त्यांनी 210 जणांना तीन गोष्टी विचारल्या. दात पडण्याची, उंचावरून पडण्याची, गुदमरण्याची अशी स्वप्नं किती वेळा पडतात? चिंता, उदासी वगैरे मानसिक त्रास किती आहे? आणि सकाळी उठल्यावर दात, हिरड्या किंवा जबडा ताठल्यासारखा वाटतो का?

निकाल बहुतेकांच्या अंदाजाच्या उलट आला. उंचावरून पडण्याचा आणि गुदमरण्याचा संबंध मानसिक त्रासाशी लागला. दात पडण्याच्या स्वप्नांचा मात्र मानसिक त्रासाशी संबंध लागला नाही. तो लागला सकाळच्या जबड्याच्या ताठरपणाशी, आणि हा ताठरपणा बाकीच्या स्वप्नांशी जुळत नव्हता. म्हणजे दाताचं स्वप्न आणि दाताचंच दुखणं!

आपल्याकडे या दुखण्याला साधा शब्द आहे, झोपेत दात खाणं. डॉक्टर त्याला ब्रुक्सिझम म्हणतात. लहान मूल करकरा दात खायला लागलं की आजी जंताचं औषध आणायला सांगायची. मोठ्यांमध्येही साधारण शंभरातले आठ जण झोपेत दात खातात. पण प्रत्येकाचा आवाज येत नाही. कित्येक जण नुसतेच दातावर दात घट्ट दाबून झोपतात, त्यामुळे शेजारी झोपलेल्यालाही पत्ता लागत नाही.

आता बाहेरची संवेदना स्वप्नात कशी शिरते? डिमेंट आणि वोल्पर्ट यांनी 1958 मध्ये झोपलेल्या माणसांच्या अंगावर स्वप्न चालू असताना गार पाण्याचा फवारा मारला. 42 टक्के वेळा स्वप्नात पाणी कुठल्या ना कुठल्या रूपात आलं. प्रकाश त्याहून कमी वेळा आला आणि आवाज सगळ्यात कमी. अंगाला जाणवलेली गोष्ट स्वप्नात लवकर घुसते. पावसाळ्यात पत्र्याच्या घरात झोपून अंगावर ठिबकणारं पाणी आणि स्वप्नातला पूर ज्याने एकत्र अनुभवला आहे, त्याला हे प्रयोगावाचूनही माहीत असेल.

मग नुसतं दुखण्याऐवजी दात पडतातच का? याचं सिद्ध उत्तर नाही, पण माझा एक तर्क आहे. शरीराचा भाग सुटून हातात येण्याचा अनुभव आपल्याला एकदाच मिळतो, सहा ते बारा या वयात. जिभेने दात हलवत बसायचं, एके दिवशी भाकरीच्या तुकड्याबरोबर तो हातात यायचा आणि 'उंदीरमामा, माझा दात घे' म्हणून पत्र्यावर फेकायचा. दातात काहीतरी विचित्र होतंय म्हटल्यावर झोपलेला मेंदू ही जुनी गोष्ट काढत असेल, तर नवल नाही.

थांबा, वेळेचा हिशेब जुळत नाही

माझ्या वर्गातली एक मुलगी हे ऐकून म्हणाली, "सर, पण दात खाणं तर हलक्या झोपेत होतं, स्वप्नाच्या झोपेत नाही." बरोबर आहे.

आपली झोप साधारण दीड तासाच्या फेऱ्यांनी चालते. प्रत्येक फेरीत हलकी झोप, गाढ झोप आणि शेवटी डोळे पापण्यांआड भिरभिरतात ती झोप, जिला रेम म्हणतात. ठसठशीत, गोष्टीसारखी स्वप्नं बहुतेक रेममध्ये पडतात आणि तेव्हा अंगाचे स्नायू जवळजवळ ढिले पडलेले असतात. दात खाण्याचा बहुतेक भाग होतो हलक्या झोपेत. मग दोघांची गाठ कशी पडते?

पायऱ्या चढताना पाय दुखत नाहीत, तासाभराने खाटेवर टेकल्यावर दुखतात. जबड्याचंही तसंच असावं. हलक्या झोपेत दाबून दाबून दमलेला स्नायू आणि दातांच्या मुळांभोवतालची दुखरी जागा, हे पुढच्या रेमच्या वेळीही तसंच राहतं. म्हणजे स्वप्नात शिरतो तो मागे राहिलेला ठणका. अभ्यासात विचारलं होतं तेही सकाळच्या ताठरपणाबद्दलच. तरी ही साखळी प्रयोगशाळेत कडीकडीने तपासलेली नाही, आणि त्या अभ्यासातली माहिती लोकांनी स्वतःच सांगितलेली होती. दोन गोष्टी सोबत आढळल्या एवढंच त्यातून कळतं. एकीमुळे दुसरी होते हे त्यावरून ठरत नाही. ताण आणि जबडा यांच्यातही थोडं नातं त्यांना दिसलं, पण ते बारीक होतं.

पहाटेचं स्वप्न खरं होतं म्हणतात, रेमचा विषय निघालाच आहे तर त्याचंही सांगून टाकतो. रेमचा पहिला तुकडा दहाएक मिनिटांचा असतो. पहाटेकडे ते लांबत जातात आणि त्यातूनच आपल्याला जाग येते. म्हणून पहाटेची स्वप्नं जास्त पडतात आणि नीट आठवतात. आठवणारी स्वप्नंच खरी होऊ शकतात, कारण विसरलेल्या स्वप्नाचं फळ कोण तपासणार?

"पण आमच्याकडे खरं झालं होतं!"

मामींनी हे सांगितलंच. त्यांच्या आईला दात पडल्याचं स्वप्न पडलं आणि दोन महिन्यांत चुलते गेले. मी हे खोटं म्हणत नाही. कागद घेऊन त्यांच्यासमोर बसलो.

मामींना म्हटलं, मरण ऐकल्यावर 'आपल्यातलं माणूस गेलं' असं ज्याच्याबद्दल वाटेल, त्या सगळ्यांची मोजणी करा. भावकी, सोयरे, माहेरचं गाव, सुनेचं माहेर. दोनशे सहज झाले. आपल्या देशात वर्षाला हजारी सहा-सात माणसं जातात. दोनशेत वर्षाला सरासरी एक किंवा थोडं जास्त. आता स्वप्नानंतर तीन महिने वाट बघायची म्हटलं, तर त्या मुदतीत निदान एक मरण कानावर येण्याची शक्यता साधारण चारातून एकदा. म्हणजे दाताचा काही संबंध नसतानाही चारातलं एक स्वप्न 'खरं' होणार. ज्या घरात म्हातारी माणसं जास्त, तिथे त्याहून जास्त.

उरलेली तीन कुणाला आठवत नाहीत. शिवाय मुदत आधी ठरलेली नसते. तीन महिन्यांत काही झालं नाही तर सहा महिने चालतात आणि माणूस गेलं नाही तर आजारपण चालतं.

मामी हिशेबावर वाद घालत नाहीत. "ते बरोबर आहे रे," म्हणाल्या, "पण मग चार वेळा दाढच का पडावी?" हा प्रश्न मात्र रास्त होता.

एकवीस सकाळी

मामेभाऊ चादरी-टॉवेलच्या कारखान्यात हिशेब बघतो. त्याला मी एक जुनी वही दिली आणि एकवीस दिवस उशाशी ठेवायला सांगितली. उठल्याबरोबर, चहाच्या आधी, तीनच गोष्टी लिहायच्या. कुठलं स्वप्न आठवतंय, जबडा किंवा कानशील ताठलंय का, आणि आदल्या रात्री झोपायला किती वाजले. अट एकच होती की जबड्याचं आधी लिहायचं आणि स्वप्नाचं नंतर, नाहीतर स्वप्न आठवलं की जबडाही दुखायला लागतो.

एकवीसपैकी नऊ सकाळी जबडा ताठलेला होता. दातांचं स्वप्न चार वेळा आणि त्यातलं तीन वेळा ताठलेल्या सकाळी. एवढ्याशा आकड्यांनी काही सिद्ध होत नाही, पण दाताच्या डॉक्टरांकडे जायला ते पुरेसे होते.

डॉक्टरांनी स्वप्नाचं विचारलंही नाही. मागच्या दाढांची टोकं घासून सपाट आणि चकचकीत झाली होती. गालाच्या आतून दात मिटतात त्या रेषेत पांढरी वळी होती. जिभेच्या कडेवर दातांचे ठसे उमटले होते. मग त्यांनी त्याला दात दाबायला सांगून कानाखाली जबड्याच्या कोपऱ्यावर बोटं रोवली, तर त्या घट्ट गाठीसारख्या स्नायूवर हात लागताच तो कळवळला. दिवसाही तो आकडेमोड करताना दात दाबून बसायचा, हे तिथे कळलं. खरं तर बसल्या जागी ओठ मिटलेले आणि आत दात सुटे असायला हवेत, मध्ये दोन-तीन मिलिमीटरची फट.

वरच्या दातांचं माप घेऊन त्याला नाइट गार्ड दिला, झोपताना दातांवर घालायची पारदर्शक टोपी. तिने दात खाणं थांबेलच असं नाही, दात झिजणं मात्र थांबतं. पुढच्या दीड महिन्यात स्वप्न एकदाच पडलं. पण त्याच काळात कारखान्यातली मोठी ऑर्डर संपली आणि भाऊ रात्री अकराला झोपायला लागला. तेव्हा श्रेय कुणाचं, हे मी ठामपणे सांगू शकत नाही.

तुम्हीही वही ठेवणार असाल तर दोन गोष्टी बघा. जागेपणी दात खरोखर हलत असेल किंवा घासताना हिरडीतून रक्त येत असेल, तर एकवीस दिवस थांबू नका. आमच्याकडे मिश्री लावणाऱ्या बायका आणि मावा खाणारे पुरुष कमी नाहीत, साखरेचे रुग्णही बरेच आहेत, आणि हिरड्या सैल होत असतात तेव्हा बराच काळ काही दुखत नाही. दुसरं, दात खाण्याबरोबर मोठं घोरणं आणि मध्येच श्वास अडकणं असेल, तर नुसती टोपी घालून भागणार नाही, झोपेची तपासणी करावी लागते. नैराश्यावरच्या काही गोळ्यांनीही दात खाणं वाढतं. ते डॉक्टरांना सांगावं, गोळी मात्र आपल्या मनाने बंद करू नये.

त्यानंतर एकदा मामींनी गार्ड स्वच्छ करायला घेतला आणि त्याच्यावर उकळतं पाणी ओतलं. तो आक्रसला. नवीन यायला दहा दिवस गेले आणि त्या दहा दिवसांत दोनदा पुन्हा तीच वरची दाढ पडली. दुसऱ्या वेळी मामींनी आधी मुलाच्या कानाखाली बोट दाबून "दुखतंय का रे?" विचारलं. तो हो म्हणाला. मग त्या मोरीत गेल्या, नळ सोडला आणि नेहमीसारखं सगळं स्वप्न वाहत्या पाण्याला सांगून आल्या.